वेड्यावाकड्या तळ्यात पाणी किती? चौकटी आखून घनफळ काढण्याची रीत

हौदाचे घनफळ काढायला लांबी, रुंदी आणि खोली ही तीन मापे पुरतात. तळ्याचा किंवा खड्ड्याचा काठ मात्र वळणावळणाचा असतो, तळ कुठे उथळ तर कुठे अचानक खोल असतो, आणि ‘सरासरी खोली’ म्हणून कोणता आकडा धरायचा हाच प्रश्न पडतो. अंदाजाने मधली खोली धरून क्षेत्रफळाने गुणले, तर उत्तर खऱ्यापेक्षा कितीही दूर जाऊ शकते. म्हणून तळ्याच्या पृष्ठभागावर सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी आखायची, जाळीच्या प्रत्येक छेदनबिंदूवर खोली मोजायची, प्रत्येक चौकोनाखालचे पाणी वेगळे काढायचे आणि शेवटी बेरीज करायची.

ही रीत ऐकायला सोपी आहे. मी पहिल्यांदा वापरली, तेव्हा आकडेमोड नीट करूनही माझे उत्तर सुमारे ११ टक्क्यांनी जास्त आले, आणि चूक कुठे झाली हे कळायला मला बराच वेळ लागला. चूक तळ्याच्या मध्यभागी नव्हती, ती काठाला होती. त्यामुळे या लेखात काठावरच्या अर्धवट चौकोनांना मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. उदाहरणही त्याच तळ्याचे घेतले आहे. ते साधारण २५ मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि मध्यभागी दोन मीटरांहून थोडे अधिक खोल होते.

## १. सोबत काय हवे

- ३० किंवा ५० मीटरची मोजपट्टी (टेप).
- न ताणणारी दोरी, तळ्याच्या रुंदीपेक्षा पाच-सहा मीटर जास्त लांब.
- लाकडी किंवा लोखंडी खुंट्या, किमान १५, आणि त्या ठोकायला हातोडा.
- खोली मोजण्यासाठी तीन मीटरचा सरळ बांबू किंवा पाइप, त्यावर दर १० सेंटीमीटरला रंगाची खूण आणि मध्ये ५ सेंटीमीटरची बारीक रेघ.
- बांबूच्या टोकाला बसवायची १० ते १५ सेंटीमीटर व्यासाची चपटी चकती.
- आलेख कागद, पेन्सिल आणि पाण्यात भिजला तरी चालेल अशा जाड पुठ्ठ्यावर आखलेला नोंदीचा तक्ता.
- छोटी होडी किंवा तराफा, आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट.

चकती बिनमहत्त्वाची वाटते, पण ती विसरू नका. तळाशी मऊ गाळ असेल, तर बांबूचे अणकुचीदार टोक गाळात सहज २०-२५ सेंटीमीटर शिरते आणि ती सगळी खोली पाण्याच्या नावावर जमा होते. चकती लावली की बांबू गाळाच्या माथ्यावर टेकतो. गाळासकट मूळ खड्डा किती आहे हे पाहायचे असेल, तर चकती काढून टोक कठीण तळापर्यंत दाबा आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकाच तक्त्यात काही मापे चकतीची आणि काही बिनचकतीची असली, तर तो तक्ता निरुपयोगी होतो.

हे काम किमान तिघांचे आहे. दोघे दोन्ही काठांवर दोरी धरतात आणि एक जण होडीतून खोली मोजतो. एकट्याने पाण्यात उतरू नका. उथळ दिसणाऱ्या काठालगत अचानक खोल उतार असू शकतो.

## २. चौकोन किती मोठा घ्यावा

चौकोन लहान घेतला तर अचूकता वाढते, पण मापे झपाट्याने वाढतात. बाजू निम्मी केली की बिंदू जवळजवळ चौपट होतात. माझा अनुभव असा की पाण्याच्या आत किमान १२ ते १५ छेदनबिंदू पडतील इतपत जाळी पुरेशी असते. वर सांगितलेल्या तळ्यासाठी मी ५ मीटरची बाजू घेतली, तेव्हा १४ बिंदू पाण्यात आले. तळ्याच्या तळाशी एखादी अरुंद चर किंवा खोल डोह आहे अशी शंका असेल, तर सगळी जाळी बारीक करण्याची गरज नाही. तेवढ्याच भागात चौकोनाच्या मध्यभागी जास्तीचे माप घ्यावे. ते हिशेबात कसे धरायचे, ते पुढे येईल.

## ३. पाण्याची पातळी आधी बांधून घ्या

भरलेल्या तळ्यात एक मोठी सोय असते. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःच सपाट असल्यामुळे तिथून खाली मोजलेली प्रत्येक खोली एकाच पातळीपासूनची असते. ही सोय टिकवायची, तर काम सुरू करण्यापूर्वी काठाजवळच्या संथ पाण्यात एक खुंटी पक्की ठोका आणि तिच्यावर पाण्याची रेषा खिळ्याने ओरखडून ठेवा. काम संपल्यावर ती रेषा पुन्हा पाहा. मधल्या काळात कोणी पाणी उपसले आणि पातळी ४ सेंटीमीटर उतरली, तर नंतर घेतलेल्या मापांत ते ४ सेंटीमीटर मिळवल्याशिवाय सकाळची आणि संध्याकाळची मापे एकत्र करता येत नाहीत. प्रत्येक मापासमोर वेळ लिहिलेली असली, तर ही दुरुस्ती सहज होते.

कोरड्या खड्ड्यात ही सोय नसते. तिथे खड्ड्यावरून दोरी समपातळीत ताणून तिच्यापासून खाली मोजावे लागते. समपातळी साधायला गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच उंचीवर थांबते, तिथे दोन्ही काठांच्या खुंट्यांवर खूण करायची. मात्र त्याआधी तुम्हाला नेमके काय हवे ते ठरवा. खड्ड्यात पाणी किती मावेल हे हवे असेल, तर समपातळी काठाच्या सर्वांत खालच्या जागेला धरावी, कारण पाणी तिथूनच बाहेर पडते. खणून किती माती निघाली हे हवे असेल, तर खोली मूळ जमिनीपासून मोजावी लागते, आणि जमीन उतरती असेल तर प्रत्येक बिंदूवर मूळ जमिनीची उंची वेगळी असते. ही दोन घनफळे एक नव्हेत, आणि एकासाठी घेतलेली मापे दुसऱ्यासाठी जशीच्या तशी चालत नाहीत.

## ४. जाळी जमिनीवर उतरवणे

तळ्याच्या लांब बाजूला, पाण्यापासून थोडी दूर, एक सरळ पायारेषा आखा. तिच्यावर दर ५ मीटरला खुंटी ठोका आणि खुंट्यांना ० ते ६ क्रमांक द्या. या रेषेला मी ‘क’ म्हणतो. तिच्या दोन्ही टोकांपासून काटकोनात २० मीटर जाऊन समोरची समांतर रेषा ‘च’ आखा आणि तिच्यावरही दर ५ मीटरला खुंट्या ठोका. काटकोन साधायला ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण दोरीने करावा. ३ आणि ४ मीटरच्या बाजूंमधला कोन काटकोन असतो.

काटकोन बरोबर आला की नाही, हे कर्ण मोजून तपासा. ३० × २० मीटरच्या आयताचे दोन्ही कर्ण ३६.०६ मीटर आले पाहिजेत. दोन कर्णांत १० सेंटीमीटरपर्यंतचा फरक या कामात चालतो. फरक अर्ध्या मीटरवर गेला, तर जाळी तिरपी झाली आहे असे समजून खुंट्या पुन्हा ठोका. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती टाळली तर पुढची सगळी क्षेत्रफळे बिघडतात.

आता ‘क’वरच्या १ क्रमांकाच्या खुंटीपासून ‘च’वरच्या १ क्रमांकाच्या खुंटीपर्यंत दोरी ताणा. दोरीवर आधीच दर ५ मीटरला रंगीत चिंध्या बांधून ठेवा. त्या चिंध्या म्हणजे ख, ग आणि घ या ओळी. होडी दोरीला धरून सरकवायची आणि चिंधीच्या बरोबर खाली बांबू उभा सोडून खोली वाचायची. बांबू तिरपा झाला की माप नेहमी जास्तच येते, म्हणून होडी स्थिर झाल्याशिवाय आकडा वाचू नका. पाणी तीन मीटरांहून खोल असेल, तर बांबूऐवजी जड ओळंबा लावलेली दोरी वापरावी, पण ती भिजवून, ताणून मगच तिच्यावर खुणा कराव्यात.

प्रत्येक दोरीवर खोलीशिवाय आणखी एक माप घ्यायचे असते. दोरी पाण्याचा काठ जिथे ओलांडते ती जागा, पाण्यातल्या शेवटच्या बिंदूपासून किती अंतरावर आहे, ते मोजा. उभ्या रेषा झाल्या की ख, ग आणि घ या आडव्या रेषांवरही दोन्ही बाजूंचे काठ असेच मोजा. नवखे लोक हे माप हमखास विसरतात आणि मग घरी येऊन काठ अंदाजाने काढतात.

## ५. नोंद कशी दिसते

माझ्या तळ्याची खोलीची मापे (मीटरमध्ये) अशी होती. क आणि च या रेषा तसेच ० आणि ६ या रेषा पूर्णपणे कोरड्या जमिनीवर होत्या, म्हणून त्या तक्त्यात नाहीत.

| ओळ | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| ख | ०.४ | १.१ | १.३ | ०.८ | कोरडे |
| ग | ०.९ | १.८ | २.२ | १.५ | ०.५ |
| घ | ०.३ | १.० | १.४ | १.० | ०.२ |

ख५ हा बिंदू पाण्याबाहेर पडला, कारण त्या बाजूला काठ आत वळला होता. ‘कोरडे’ असे स्पष्ट लिहा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे बरोबर काठावरचा बिंदू. कोरडा बिंदू काठापासून दोन मीटर आत जमिनीवर असू शकतो, आणि हिशेबात त्याला स्थान नसते.

## ६. पूर्ण चौकोनांचे घनफळ

ज्या चौकोनाचे चारही कोपरे पाण्यात आहेत आणि ज्यातून काठ जात नाही, तो पूर्ण चौकोन. त्याचा हिशेब असा:

घनफळ = चौकोनाचे क्षेत्रफळ × चार कोपऱ्यांवरच्या खोलीची सरासरी

ख आणि ग या ओळी व २ आणि ३ या रेषांमधला चौकोन पाहू. कोपऱ्यांवर १.१, १.३, १.८ आणि २.२ मीटर खोली आहे. बेरीज ६.४, सरासरी १.६ मीटर, आणि २५ चौरस मीटरने गुणले की ४० घनमीटर पाणी. या तळ्यात असे सात पूर्ण चौकोन होते. त्यांचे घनफळ अनुक्रमे २६.२५, ४०, ३६.२५, २५, ४०, ३८.१३ आणि २० घनमीटर आले. एकूण २२५.६ घनमीटर.

हेच काम एका फटक्यात करता येते. आतला एखादा बिंदू जितक्या पूर्ण चौकोनांचा कोपरा असेल, तितक्यांदा त्याची खोली बेरजेत येते. ग२ आणि ग३ हे बिंदू चार-चार चौकोनांत आहेत, ग४ तीन चौकोनांत, ख२ दोन चौकोनांत आणि ख१ फक्त एकात. प्रत्येक खोलीला तिच्या वाट्याच्या चौकोनांच्या संख्येने गुणून बेरीज केली, तर ती ३६.१ येते. तिला चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या भागाने, म्हणजे ६.२५ ने गुणले की पुन्हा २२५.६. सगळ्या गुणकांची बेरीज चौकोनांच्या संख्येच्या चौपट, म्हणजे येथे २८, आली पाहिजे. ती आली नाही तर एखादा बिंदू सुटला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे. मी दोन्ही रीतींनी करतो, कारण दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की बेरजेची चूक उरत नाही.

## ७. काठावरचे अर्धवट चौकोन

इथे घाई करू नका. या तळ्यात पूर्ण चौकोन सात होते, तर अर्धवट चौकोन सोळा. ते सोडून दिले असते, तर एकूण पाण्याच्या सुमारे २२ टक्के पाणी हिशेबाबाहेर राहिले असते.

आधी सर्व काठबिंदू आलेख कागदावर मांडा. १ सेंटीमीटर म्हणजे १ मीटर हे प्रमाण घेतले, तर कागदावरचा प्रत्येक सेंटीमीटरचा चौकोन म्हणजे एक चौरस मीटर. काठबिंदू जोडून काठाची रेषा काढा. आता प्रत्येक अर्धवट चौकोनातला पाण्याचा तुकडा तीनपैकी एका आकाराचा दिसेल.

पट्टा. दोन कोपरे पाण्यात, दोन काठबिंदू. हा समलंब चौकोन असतो. ख ओळीच्या वरचा, २ आणि ३ रेषांमधला तुकडा घ्या. ख२ पासून काठ ३.० मीटरवर आणि ख३ पासून ३.५ मीटरवर होता. क्षेत्रफळ = ५ × (३.० + ३.५) ÷ २ = १६.२५ चौरस मीटर. सरासरी खोली काढताना दोन्ही काठबिंदूंची खोली शून्य धरायची: (१.१ + १.३ + ० + ०) ÷ ४ = ०.६ मीटर. घनफळ ९.७५ घनमीटर.

त्रिकोण. एकच कोपरा पाण्यात, दोन काठबिंदू. ख४ पासून वर २.० मीटरवर आणि उजवीकडे ३.० मीटरवर काठ होता. क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, सरासरी खोली (०.८ + ० + ०) ÷ ३ = ०.२७ मीटर, घनफळ ०.८ घनमीटर. इथे तीनने भागायचे असते. सवयीने चारने भागू नका.

पंचकोन. तीन कोपरे पाण्यात, चौथा कोरडा. ख५ कोरडा असल्यामुळे ख४, ग४ आणि ग५ यांच्यामधला चौकोन असा झाला. कोरड्या कोपऱ्याचा त्रिकोण (२ × ३ ÷ २ = ३ चौरस मीटर) पूर्ण चौकोनातून वजा केला की २२ चौरस मीटर उरतात. सरासरी खोली (०.८ + १.५ + ०.५ + ० + ०) ÷ ५ = ०.५६ मीटर, घनफळ १२.३ घनमीटर.

काठ जास्तच वळणाचा असेल आणि यांपैकी कोणताच आकार बसत नसेल, तर आलेख कागदावरचे सेंटीमीटरचे चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त पाण्यात असलेला एक धरा, अर्ध्याहून कमी असलेला सोडून द्या. सरासरी खोली मात्र वरच्याच रीतीने काढा.

अशा रीतीने दहा पट्ट्यांचे घनफळ ४९.७, पाच त्रिकोणांचे १.२ आणि एका पंचकोनाचे १२.३ घनमीटर आले. त्रिकोणांकडे पाहा, पाच मिळून जेमतेम सव्वा घनमीटर. म्हणून त्रिकोणांच्या बारकाव्यात वेळ घालवू नये आणि पट्ट्यांचे काठ मात्र नीट मोजावेत.

| भाग | क्षेत्रफळ (चौ.मी.) | घनफळ (घ.मी.) |
|---|---|---|
| ७ पूर्ण चौकोन | १७५.० | २२५.६ |
| १० पट्टे | ११०.० | ४९.७ |
| ५ त्रिकोण | ६.३ | १.२ |
| १ पंचकोन | २२.० | १२.३ |
| एकूण | ३१३.३ | २८८.९ |

एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तेव्हा तळ्यात सुमारे २ लाख ८९ हजार लिटर पाणी होते, आणि खरी सरासरी खोली २८८.९ ÷ ३१३.३ = ०.९२ मीटर.

## ८. सरासरीचे दोन सापळे

आता माझी पहिली चूक पाहा. मी १४ ओल्या बिंदूंच्या खोलीची साधी सरासरी काढली. बेरीज १४.४, सरासरी १.०३ मीटर. तिला ३१३.३ चौरस मीटरने गुणल्यावर उत्तर आले सुमारे ३२२ घनमीटर, म्हणजे ३३ घनमीटर जास्त. कारण असे की ओल्या बिंदूंत काठाचा उथळ पट्टा जवळजवळ नसतोच, पण क्षेत्रफळ मात्र त्या पट्ट्यासकट धरलेले असते.

चूक लक्षात आल्यावर माणूस उलट टोकाला जातो. ‘काठाची शून्येही धरू या’ म्हणून सोळा काठबिंदू मिळवले, तर १४.४ ला ३० ने भागावे लागते, सरासरी ०.४८ मीटर येते आणि घनफळ १५० घनमीटर, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ निम्मे. इथे काठावरच्या प्रत्येक शून्याला तळ्याच्या मध्यभागातल्या २.२ मीटरइतकेच वजन मिळाले, वास्तविक त्या शून्याच्या वाट्याला पाण्याचा फार लहान तुकडा येतो.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. प्रत्येक खोलीला तिने किती क्षेत्र व्यापले आहे त्या मानाने वजन मिळाले पाहिजे. चौकोनागणिक हिशेब केला की ते वजन आपोआप मिळते, आणि ‘एकच सरासरी काढून गुणू या’ म्हटले की ते हरवते. तुमच्या हाती कोणी आधीच काढलेली सरासरी खोली दिली, तर ती कोणत्या बिंदूंची आणि कशी काढली, हे विचारल्याशिवाय वापरू नका.

## ९. उत्तर किती खरे, हे कसे कळते

या रीतीत एक गृहीतक लपलेले आहे. दोन शेजारच्या बिंदूंमध्ये तळ सरळ उताराने जातो, असे आपण मानतो. तळ वाडग्यासारखा गोलाकार असेल, तर खरा तळ या सरळ रेषेच्या खाली असतो आणि आपले उत्तर थोडे कमी येते. तळात मध्येच उंचवटा असेल, तर जास्त येते.

हे तपासायला दोन ठिकाणी जास्तीची मापे घ्यावीत. पहिले काठाच्या उताराला. ख३ आणि तिथल्या काठाच्या बरोबर मध्ये, काठापासून १.७५ मीटरवर, सरळ उतार असता तर खोली ०.६५ मीटर यायला हवी होती. प्रत्यक्षात ०.९ मीटर आली. म्हणजे त्या बाजूचा काठ तीव्र उताराचा होता. अशा रेषेवरची सरासरी (१.३ + ०.९ + ०.९ + ०) ÷ ४ = ०.७८ मीटर धरावी. मधले माप दोनदा घेण्याचे कारण ते रेषेच्या दोन्ही अर्ध्या भागांचे टोक असते. असा फरक दोन-तीन ठिकाणी दिसला, तर त्या बाजूचे सगळे पट्टे पुन्हा मोजा.

दुसरे माप सर्वांत खोल चौकोनाच्या मध्यभागी घ्या. चार कोपऱ्यांची सरासरी १.६ मीटर असताना मध्यभागी १.९ मीटर आली, तर चौकोनाचे चार त्रिकोण पडतात आणि सरासरी (१.६ + १.६ + १.९) ÷ ३ = १.७ मीटर होते. या एका मापाने त्या चौकोनात २.५ घनमीटरांची भर पडते. मध्यभाग आणि कोपऱ्यांची सरासरी यांत ५ सेंटीमीटरहून कमी फरक असेल, तर जाळी पुरेशी बारीक आहे असे समजायला हरकत नाही.

एकेका मापातली लहानसहान चूक फार त्रास देत नाही, कारण कधी जास्त, कधी कमी होऊन ती बरीचशी जिरते. त्रास होतो तो सगळ्या मापांत एकाच दिशेने आलेल्या चुकीचा. बांबूवरची शून्याची खूण ५ सेंटीमीटरने सरकलेली असेल किंवा चकतीची जाडी विसरली असेल, तर ३१३ चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर म्हणजे सुमारे १६ घनमीटर. एवढ्या एका गोष्टीने उत्तर साडेपाच टक्क्यांनी हलते. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी बांबू मोजपट्टीला लावून खात्री करून घ्या. उत्तर सांगतानाही २८८.९ असा दशांशातला आकडा सांगू नका. ‘सुमारे २९० घनमीटर, २० घनमीटर इकडे-तिकडे’ हे या कामाचे प्रामाणिक उत्तर आहे.

## १०. तोच तक्ता पाणी उतरल्यावर वापरणे

नीट केलेली नोंद पुढेही उपयोगी पडते. पाणी अर्धा मीटर उतरले, तर किती उरले हे पाहायला पुन्हा तळ्यात उतरावे लागत नाही. प्रत्येक खोलीतून ०.५ वजा करा. ग३ येथे १.७ मीटर उरते, ग५ बरोबर शून्यावर येतो, म्हणजे तो आता काठबिंदू झाला, आणि ख१, घ१ व घ५ कोरडे पडतात.

नवा काठ दोन बिंदूंमध्ये प्रमाणाने काढावा. ख१ येथे ०.४ आणि ख२ येथे १.१ मीटर खोली होती. पाच मीटर अंतरात ०.७ मीटरचा फरक. ०.५ मीटरची खोली ख१ पासून ०.१ ÷ ०.७ × ५ = ०.७ मीटरवर येते, तोच नवा काठ. सगळीकडे असे काठबिंदू काढून सहाव्या आणि सातव्या पायरीचा हिशेब पुन्हा करा. इथे ‘३१३ चौरस मीटर गुणिले अर्धा मीटर, म्हणजे १५६.५ घनमीटर पाणी गेले’ असा सोपा मार्ग धरू नका. पाणी उतरते तसा पृष्ठभागही आकसतो, त्यामुळे गेलेले पाणी त्याहून कमी असते आणि उरलेले अधिक.

या कामासाठी पातळीच्या खुंटीवरची पहिली रेषा जपून ठेवा, आणि क व च रेषांच्या टोकाच्या चार खुंट्या उपटू नका किंवा त्यांच्या जागी दगड पुरून ठेवा. पुढच्या वेळी गाळ किती साठला हे पाहायचे असेल, तर दोरी त्याच खुंट्यांमध्ये ताणून, त्याच चकतीने, त्याच चौदा बिंदूंवर मोजावे लागते. पातळी तेव्हा वेगळी असेल, तर दोन्ही वेळची मापे पहिल्या रेषेपासून मोजल्यासारखी करून घेऊन मगच वजाबाकी करा.